शाखाधिकाऱ्याचा निरोप: मराठीत एक, इंग्रजीत दुसरा

बँकेतल्या नोकरीची माझी शेवटची वर्षे क्षेत्रीय कार्यालयाच्या राजभाषा कक्षात गेली. काम हिंदीचे, पण महिनाअखेर जवळ आली की कुठल्या ना कुठल्या शाखेतून फोन यायचा, "साहेब, या तीस तारखेला रिटायर होतोय. निरोपाचं जरा बघून देता का? मराठी आणि इंग्रजी दोन्ही लागेल." मी स्वतः निवृत्त झाल्यावरही हे फोन थांबलेले नाहीत, आणि मला ते आवडतात. माणूस सबंध नोकरीत परिपत्रकाच्या भाषेत लिहितो आणि शेवटच्या आठवड्यात पहिल्यांदा स्वतःच्या भाषेत लिहायला बसतो. तिथे त्याला सोबत लागते.

मसुदे बहुतेक एकाच कारणाने फसलेले असत. आधी इंग्रजीत एक मजकूर तयार केलेला असे आणि त्याचेच ओळीमागून ओळ मराठी केलेले असे. त्यामुळे मराठी परकी वाटे. इंग्रजीही सर्वांसाठी एकच लिहिलेली, म्हणून कोणालाच उद्देशून नाही अशी होई. माझे म्हणणे साधे आहे. हे दोन वेगळे निरोप आहेत. वाचणारे वेगळे, वाचण्याची जागा वेगळी, म्हणून मजकूरही वेगळा. मराठी आधी लिहावा, सविस्तर लिहावा. इंग्रजी नंतर, छोटा.

हे कसे करायचे ते एका मसुद्यावरूनच दाखवतो. तालुक्याच्या गावातल्या एका सरकारी बँकेच्या शाखेच्या व्यवस्थापक मॅडम. फेब्रुवारी १९८८ मध्ये क्लार्क म्हणून लागल्या, पुढे अधिकारी झाल्या, सोलापूर जिल्ह्यात, सुरतेला आणि मग पुन्हा महाराष्ट्रात असे करत ३० जून २०२५ ला निवृत्त झाल्या. नावे आणि गावे मी गाळली आहेत. मजकुरात जिथे नावे होती तिथे इथे त्या माणसाचे काम लिहिले आहे.

आधी कॅलेंडर बघा

सरकारी बँकेत वयाची ६० वर्षे ज्या महिन्यात पूर्ण होतात त्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी निवृत्ती होते. जन्मतारीख महिन्याची एक असेल तर आधीच्याच महिन्याच्या अखेरीस. शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून लावलेली पिढी आपल्याकडे मोठी आहे, म्हणून ३१ मे ला एकेका कार्यालयात चार-चार निरोप समारंभ असतात. त्या दिवशी तुमचा निरोप इतर तिघांच्या निरोपांबरोबर येणार हे लक्षात घेऊन तो एक दिवस आधी पाठवलेला बरा.

दुसरी गोष्ट, निवृत्तीचा दिवस आणि कामाचा शेवटचा दिवस एकच असेल असे नाही. ३१ ऑगस्ट २०२५ ला रविवार होता, म्हणजे शाखेतला शेवटचा दिवस शनिवार, ३० तारीख. २८ फेब्रुवारी २०२६ हा तर चौथा शनिवार, म्हणजे बँक बंद. तेव्हा निवृत्त होणाऱ्यांचा कामाचा शेवटचा दिवस शुक्रवार, २७ तारीख. हे आधी पाहिले नाही तर "आज माझा शेवटचा दिवस" असा मेल बंद कार्यालयात जाऊन पडतो. आणि ३१ मार्चला निवृत्त होणाऱ्यांनी त्या दिवशी सहकाऱ्यांकडून काही वाचले जाईल अशी अपेक्षाच ठेवू नये. क्लोजिंगच्या दिवशी कोणाला डोके वर काढायला फुरसत नसते. २९ किंवा ३० मार्चला पाठवा.

तिसरी, आणि हिच्यात पुष्कळजण सापडतात, ती मेलबॉक्सची. निवृत्तीच्या संध्याकाळी यूजर आयडी बंद होतो, कार्यालयाचा मेल त्याबरोबर जातो. पाच वाजता सत्कार, सहा वाजता भाषणे, आणि सात वाजता साहेब मेल पाठवायला बसतात तेव्हा लॉगिनच होत नाही. इंग्रजी मेल शेवटच्या दिवशी दुपारी जेवणाच्या सुट्टीआधी गेला पाहिजे, म्हणजे उत्तरे त्याच दिवशी वाचायला मिळतात. ज्यांच्याशी पुढे संबंध ठेवायचा आहे त्यांचे फोन नंबर त्याच आठवड्यात वहीत उतरवून घ्या. कार्यालयाचे मेल घाऊकपणे खासगी मेलवर पाठवू नयेत. त्यांत ग्राहकांची माहिती असते आणि शेवटच्या दिवसांत हा प्रकार नजरेतही येतो.

मॅडमचा ३० जून सोमवारी आला. आम्ही असे ठरवले की मराठी निरोप रविवारी संध्याकाळी व्हॉट्सॲपवर जाईल, लोक घरी निवांत असताना. त्याचीच छापील प्रत सोमवारी सकाळी शाखेत लागेल. इंग्रजी मेल सोमवारी दुपारी.

कोणाला लिहायचे

कागदावर तीन याद्या करा. पहिली, सध्याच्या शाखेतले लोक. दुसरी, जुन्या शाखांतले मराठी सहकारी, ज्यांतले काही आधीच निवृत्त झालेले असतात. तिसरी, परप्रांतातले सहकारी आणि मुख्य कार्यालयातली माणसे. पहिल्या दोघांना मराठी, तिसऱ्यांना इंग्रजी. दोन्ही भाषा एकाच मेलमध्ये खाली-वर चिकटवू नका. तसे केले की वाचणारा एक वाचून दुसरे सोडतो आणि ते तेच असेल असे धरून चालतो.

पहिल्या यादीवर मी नेहमी थोडा अडून बसतो. तिथे अधिकारी आणि क्लार्क सगळ्यांना आठवतात. राहून जातात ते दप्तरी, अर्धवेळ सफाई करणाऱ्या मावशी, एजन्सीकडून आलेला सुरक्षारक्षक, जनरेटरचे बघणारा मुलगा. यांना कार्यालयाचा मेल नसतो, बऱ्याचदा शाखेच्या व्हॉट्सॲप गटातही ते नसतात. कागदोपत्री काही जण बँकेचे कर्मचारीही नसतात. पण सकाळी शाखेत आल्यावर पहिला नमस्कार त्यांचाच असतो. मराठी निरोपाची छापील प्रत लागते ती यांच्यासाठी. पूर्ण ए-फोर कागद, अक्षर १६ पॉइंटच्या खाली नको, आणि जागा जेवणाच्या खोलीतली, नोटीस बोर्डावरची नव्हे. नोटीस बोर्डावर तो बदल्यांच्या आदेशांशेजारी लागतो आणि ग्राहकही वाचतात.

एक प्रसंग निवडा

मॅडमचा पहिला मसुदा असा सुरू होत होता: "प्रदीर्घ ३८ वर्षांच्या सेवेनंतर मी आज नियत वयोमानानुसार सेवानिवृत्त होत असून या प्रवासात आपण सर्वांनी केलेल्या अनमोल सहकार्याबद्दल मी आपली शतशः ऋणी आहे." पुढे ठेवींची उद्दिष्टे, मिळालेली प्रशस्तिपत्रके आणि सर्व वरिष्ठांची पदानुसार नावे. तो कोणीही, कोणत्याही कार्यालयातून लिहिला असता.

शिवाय ३८ हा आकडा चुकीचा होता. फेब्रुवारी १९८८ ते जून २०२५ म्हणजे ३७ वर्षे आणि काही महिने. वर्षे तोंडी मोजू नका, नेमणुकीच्या आदेशावरची तारीख काढून वजाबाकी करा. बँकेतले वाचक आकडा आधी तपासतात.

मी त्यांना फोनवर विचारले, "मॅडम, प्रत्येक शाखेतला एक दिवस सांगा, ज्या दिवशी दुसऱ्या कोणीतरी काहीतरी केलं." हा प्रश्न मुद्दाम असा विचारावा लागतो. "तुमची आठवण सांगा" म्हटले की माणूस स्वतःने काय केले ते सांगतो. दुसऱ्याने काय केले ते विचारले की आभार आपोआप त्यात येतात. त्यांनी अर्धा तास घेतला आणि तीन गोष्टी सांगितल्या.

पहिली एका शेतकऱ्याच्या थकीत कर्जाची, जे एका तरुण अधिकाऱ्याने घरी चार खेपा घालून मार्गी लावले होते. गोष्ट चांगली, पण ती गाळावी लागली. शेतकऱ्याचे नाव नाही घातले तरी गाव लहान, पीक आणि वर्ष सांगितले की सगळ्यांना कळते. बँकेत रुजू होताना आपण निष्ठा आणि गोपनीयतेच्या घोषणापत्रावर सही करतो. राष्ट्रीयीकृत बँकांना लागू असलेल्या १९७० च्या कायद्यात कलम १३ याचसाठी आहे. ग्राहकाचे खाते ही आपली आठवण असली तरी ती आपली सांगण्याची गोष्ट नाही. निरोपाच्या मजकुरात ग्राहक, खाते, थकबाकी, चौकशी आणि कोणावर झालेली कारवाई यांतले काही येऊ देऊ नका.

दुसरी गोष्ट १० नोव्हेंबर २०१६ ची. नोटाबंदीनंतर एक दिवस बंद राहून बँका पुन्हा उघडल्या तो दिवस. ही आम्ही घेतली. रात्री कॅश दोन हजारांनी कमी आली होती आणि त्याच रात्री ती जुळलीही होती, म्हणून सांगायला हरकत नव्हती. जुळली नसती तर मी ही गोष्टही घेऊ दिली नसती, कारण मग तो एक प्रलंबित विषय झाला असता. आणि जुळलेली असली तरी ती सहकाऱ्यांपुरती. हा मजकूर फेसबुकवर टाकायचा असेल तर तो परिच्छेद काढून टाका.

तिसरी सुरतेची. ती मराठी निरोपात बसत नव्हती, पण इंग्रजीला नेमकी तीच लागणार होती. ती बाजूला ठेवली.

मराठी मजकूर

लिहायला बसण्याआधी एक गोष्ट ठरवा: "लागायचे" लिहिणार की "लागायचं". दोन्ही चालते, मिसळलेले चालत नाही. निरोप समारंभात हाच मजकूर वाचून दाखवला जाणार असेल तर बोलण्यातले रूप घ्या. मॅडमनी तेच घेतले. अखेरीस गेलेला मजकूर असा:

*सप्रेम नमस्कार.*

*उद्या, ३० जूनला, मी बँकेतून निवृत्त होत आहे. १९८८ मध्ये क्लार्क म्हणून लागले तेव्हा सेव्हिंग्जचं लेजर उचलायला मला दोन्ही हात लागायचे. उद्या संध्याकाळी चाव्या सोपवून निघेन.*

*सदतीस वर्षांतली एकच रात्र सांगते. नोटाबंदीनंतर शाखा उघडली तो पहिला दिवस. साडेदहा वाजून गेले होते आणि कॅश दोन हजारांनी कमी होती. आमचे हेड कॅशियर काका म्हणाले, "मॅडम, माझ्या खात्यातून वळते करून घ्या, पोरांना घरी जाऊ दे." कर्ज विभागातले दोघे बूट घालून दारात उभे होते. ते परत आत आले, बाह्या वर केल्या आणि म्हणाले, "काका, परत मोजू." दप्तरी मामांनी चहा ठेवला. सव्वाबाराला एका कोऱ्या गड्डीत दोन नोटा एकमेकींना चिकटलेल्या सापडल्या. त्या रात्री मला जे मिळालं ते मी पुढच्या प्रत्येक शाखेत शोधत राहिले, आणि मला ते मिळत गेलं.*

*या शाखेतही मिळालं. एक तारखेला पेन्शनर मंडळी उन्हात उभी राहतात हे पाहून आपल्या काउंटरवरच्या सगळ्यांत नव्या मुलीने, कोणी न सांगता, जुन्या रेकॉर्ड रूममधली दोन बाकं पुसून पुढे आणून ठेवली. ती अजून तिथेच आहेत. मावशींनी रोज सकाळी माझ्या टेबलावर फुलं ठेवली, ती कुठून आणतात ते मला कधी सांगितलं नाही.*

*एक राहिलं आहे. यंदाच्या मार्चअखेरीला मी दोघांना सर्वांसमोर बोलले. कामाचा ताण होता, पण तसं बोलायला नको होतं. त्या दोघांची मी क्षमा मागते. बाकी चूकभूल द्यावी घ्यावी.*

*माझा फोन नंबर तोच राहील. आमच्या गावावरून जाणं-येणं झालं तर घरी चहाला या, न कळवता आलात तरी चालेल.*

*लोभ असावा.*

*तुमची,*

यातली काही वाक्ये का अशी आहेत ते सांगतो. पहिल्या वाक्यात तारीख आणि बातमी आहे, "कळविण्यास आनंद होतो" किंवा "जड अंतःकरणाने" नाही. दोन्ही भावना खऱ्या असतील, पण त्या पुढच्या ओळींनी दाखवायच्या असतात. "नियत वयोमानानुसार सेवानिवृत्त" हा शब्दप्रयोग आदेशात बरोबर आहे, मित्रांना लिहिताना "निवृत्त होत आहे" पुरते. राजभाषेची सवय असलेल्या आपल्यासारख्यांकडून एक चूक वारंवार होते, तीही सांगतो: हिंदी शब्द मराठी समजून येतात. "सहयोग" च्या जागी मराठीत "सहकार्य", आणि त्याहून चांगले म्हणजे कोणी काय केले ते सरळ लिहिणे. निवृत्तीला "अधिवर्षिता" तर मराठीत कोणी म्हणतच नाही.

इंग्रजीतून आलेलीही काही वाक्ये असतात. "तुमच्याबरोबर काम करणे हा माझा सन्मान आणि विशेषाधिकार होता" हे मी निदान दहा मसुद्यांत खोडले असेल. मराठी माणूस असे म्हणत नाही. तो म्हणतो, "तुमच्याबरोबर काम करायला मिळालं, बरं वाटलं." तसेच "संपर्कात राहा" ऐवजी "फोन करा", "घरी या". घरी बोलावणे हा आपल्याकडचा खरा निरोप आहे.

क्षमेच्या ओळीबद्दल थोडे सविस्तर. जवळजवळ प्रत्येक निरोपात असते, "जाणते-अजाणतेपणी कोणाचे मन दुखावले असल्यास क्षमस्व." हे वाक्य इतके वापरले गेले आहे की वाचणाऱ्याच्या डोळ्याला ते दिसत नाही, आणि ज्याचे मन खरोखर दुखावले आहे त्याला ते आपल्यासाठी आहे असे वाटत नाही. मॅडमना मी विचारले, "कोणाला बोललात?" त्या गप्प झाल्या आणि मग मार्चअखेरीचे सांगितले. मजकुरात त्या दोघांची नावे घातली नाहीत, कारण नावे घातली तर प्रसंग पुन्हा चारचौघांत घडतो. पण खूण इतकी ठेवली की त्यांना कळेल. असे सांगण्यासारखे काही नसेल तर ओळ सरळ गाळा, "चूकभूल द्यावी घ्यावी" एवढे पुरे. बिलाच्या तळाशी हिशेबासाठी लिहिली जाणारी ही ओळ बँकेतल्या माणसाच्या तोंडी शोभते.

वरिष्ठांची यादी आम्ही पूर्ण काढली. त्यांचे आभार समारंभात भाषणात मानायचे असतात, तिथे ते समोर बसलेले असतात. लिखित निरोपात पदानुसार नावे लावली की एखादे सुटते आणि त्याची चर्चा महिनाभर चालते.

सही "तुमची" अशी आहे. "आपली विश्वासू" हे अर्जाखाली शोभते. ज्यांच्याबरोबर डबा खाल्ला त्यांना "आपण" म्हणून लिहिले की अंतर पडते. मुख्य कार्यालयातल्या एखाद्या ज्येष्ठ मराठी साहेबांना स्वतंत्र लिहायचे असेल तर तिथे "आपण" आणि "स्नेहांकित" घ्या.

इंग्रजी मेल

इथे वाचणारा वेगळा आहे. तो सुरतेत, हैदराबादला किंवा मुख्य कार्यालयात बसलेला आहे, दिवसाला शंभर मेल बघतो आणि त्याला तीन गोष्टी लागतात: केव्हा जाताय, काम कोणाकडे गेले, तुम्हाला पुढे कुठे गाठायचे. त्याखेरीज एक खरी आठवण, त्याच्या गावची. नोटाबंदीची रात्र त्याला काही सांगत नाही, तो तिथे नव्हता. इथे सुरतेची गोष्ट कामाला आली. मेल असा गेला:

```
Subject: Retiring today, with thanks

Dear colleagues,

I retire from the bank today, 30 June 2025,
after 37 years.

Many of you knew me in Surat, where I was posted
in 2009, unable to read a word of Gujarati. You sat
with me over every land record until I could read
one on my own. I have not forgotten it.

My successor takes charge today, and every pending
matter is in the handing-over note. For official
work please write to the branch mail ID, as this
mailbox closes this evening.

For everything else, my personal number is below.
I would be glad to hear from you.

With warm regards,
```

शंभराच्या आसपास शब्द आहेत. याहून लांब करू नका.

बँकेच्या इंग्रजीत मुरलेल्या काही गोष्टी यातून मुद्दाम वगळल्या आहेत. "आय ॲम गेटिंग रिटायर्ड" नव्हे, "आय रिटायर" किंवा "आय ॲम रिटायरिंग". "सिन्स लास्ट ३७ इयर्स" नव्हे, "आफ्टर ३७ इयर्स" किंवा "फॉर ३७ इयर्स". "सुपरॲन्युएशन" हा शब्द पेन्शनच्या कागदांसाठी ठेवा. "डू द नीडफुल" आणि "काइंडली रिव्हर्ट" यांना निरोपात काम नाही. आणि "लोभ असावा" चे इंग्रजी करण्याचा प्रयत्न करू नका, ते होत नाही. त्याची जागा "ग्लॅड टू हिअर फ्रॉम यू" घेते.

पदभाराचे वाक्य नीट पाहा. त्यात नवीन व्यवस्थापकाचे कौतुक नाही, सल्लाही नाही, आणि कोणतेही प्रलंबित प्रकरण नावाने आलेले नाही. फक्त नोंद कुठे आहे ते सांगितले आहे. "काही अडचण आली तर मला विचारा, मी सांगेन" असे प्रेमाने लिहिले जाते, पण त्यामुळे येणाऱ्या माणसाची पंचाईत होते, कारण लोक आठवडाभर जुन्या साहेबांनाच फोन करत राहतात. शाखेचा मेल पत्ता देणे हे त्याच्यासाठीही बरे आणि तुमच्यासाठीही.

आठवणीत सुरतेची जागा इतर कोणत्याही गावाने घेता येईल, पण यादीतल्या बऱ्याच लोकांना ओळखीची वाटेल अशीच घ्या. परप्रांतातल्या दोन ठिकाणी काम केले असेल तर दोन मेल करा, मधला परिच्छेद बदला. दहा मिनिटांचे काम आहे, पण हैदराबादवाल्याला सुरतेचे आभार वाचावे लागत नाहीत.

पाठवण्याआधी आणि नंतर

मराठी मजकूर शाखेच्या जुन्या संगणकावर टाइप केला असेल तर फॉन्ट तपासा. श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमध्ये लिहिलेले मेलमध्ये किंवा फोनवर चिकटवले की इंग्रजी अक्षरांचा आणि खुणांचा निरर्थक गोळा दिसतो. तुमच्या पडद्यावर बरोबर दिसत असतो, म्हणून तुम्हाला कळत नाही. ओळखायची सोपी रीत म्हणजे आधी घरातल्या कोणाच्या तरी फोनवर पाठवून बघणे. वाचता आले तर मजकूर युनिकोडमध्ये आहे. नाही आले तर फोनवरच मराठी कळफलकाने पुन्हा टाइप करा. मजकूर दीड पानाचा आहे, अर्ध्या तासात होतो.

मजकूर एकदा मोठ्याने वाचा, दुसऱ्या माणसासमोर. जिथे श्वास अडकतो ते वाक्य दोन करा. नावे घातली असतील तर प्रत्येकाचे नाव तो स्वतः कसे लिहितो ते हजेरीवरून पाहून घ्या. पस्तीस वर्षे बरोबर असलेल्या माणसाच्या आडनावाचा ऱ्हस्व-दीर्घ चुकला तर त्याला ते लागते. मॅडमच्या मजकुरात एका आडनावाचा शेवटचा स्वर चुकला होता. छापील प्रत काढायच्या आधी त्यांच्या मुलाने पकडला.

इंग्रजी मेल पाठवताना सर्व पत्ते बीसीसी मध्ये घाला आणि टू मध्ये स्वतःचा पत्ता. तसे नाही केले तर शंभर लोकांचे "हॅपी रिटायर्ड लाइफ" शंभर जणांना जाते, आणि शेवटच्या दिवशी दुपारी चालू व्यवहारांचे मेल त्याखाली गाडले जातात. स्वतःचा फोन नंबर मेलच्या तळाशी घालायचा, पण जेवणाच्या खोलीतल्या छापील प्रतीवर नको. ती प्रत वर्षभर तिथे राहू शकते आणि कोण वाचेल ते सांगता येत नाही.

राहिला शाखेचा व्हॉट्सॲप गट. त्यावर रोजचे आकडे, कॅशची स्थिती, वसुलीच्या सूचना येतात, म्हणजे निवृत्तीनंतर तिथे थांबणे बरोबर नाही. पण निरोप टाकून लगेच बाहेर पडले तर लोकांची उत्तरे वाचायची राहतात आणि गेलेल्याचा रुसवा असल्यासारखे दिसते. मॅडमनी रविवारी निरोप टाकला, सोमवारी रात्री सर्वांना एकत्र एक ओळ लिहिली, "सगळ्यांचं वाचलं. आता या गटातून रजा घेते, घरचा नंबर आहेच," आणि मग त्या बाहेर पडल्या. मंगळवारी सकाळी साडेनऊला पहिला फोन आला तो मावशींचा. फुले त्यांच्या दारातल्या अनंताची होती.